ताळा जमला नाही: गणित चुकलं की मूळ उपरं निघालं?

एकाच गणिताच्या दोन वह्या परवा माझ्यासमोर होत्या. गणित असं:

√(x + 7) = x − 5

पहिल्या वहीतल्या मुलाने दोन्ही बाजूंचा वर्ग करून x + 7 = x² − 10x + 25 लिहिलं, सगळं एका बाजूला आणून x² − 11x + 18 = 0 केलं आणि अवयव पाडून 9 आणि 2 ही मुळं काढली. मग शहाण्यासारखा ताळाही पाहिला. 81 − 99 + 18 = 0 आणि 4 − 22 + 18 = 0. दोन्ही जमले म्हणून दोन्ही उत्तरं चौकटीत गेली.

दुसऱ्या वहीतल्या मुलीलाही 9 आणि 2 च मिळाले होते. तिने 2 ही किंमत वर्गमुळाच्या समीकरणात घातली. डावीकडे √9 म्हणजे 3 आला आणि उजवीकडे 2 − 5 म्हणजे −3. तिने सगळं खोडलं आणि पुन्हा सोडवलं. पुन्हा 2 आलं, पुन्हा खोडलं. पान फाटायचं तेवढं बाकी होतं.

मुलाने ताळा नको त्या समीकरणात पाहिला. मुलीने हव्या त्या समीकरणात पाहिला, पण निकालाचा अर्थ उलटा लावला. किंमत घालून बघण्याची कृती दोन्हीकडे एकच असते, म्हणूनच हा घोळ होतो. (त्यात मराठीची आणखी एक गंमत: ‘मूळ’ म्हणजे उकलही आणि ‘मूळ समीकरण’ म्हणजे आधी दिलेलंही. म्हणून पुढे मी ‘दिलेलं समीकरण’ असंच म्हणेन.)

दहावीतलं साधं वर्गसमीकरण घ्या: 2x² − 7x + 3 = 0. याची मुळं 3 आणि 1/2. घाईत कोणी 1/2 ऐवजी −1/2 लिहिलं तर ताळ्यात 1/2 + 7/2 + 3 म्हणजे 7 येतात, शून्य येत नाही. इथे अर्थ एकच: आपण कुठेतरी चुकलो. अवयव पाडताना किंवा पद इकडचं तिकडे नेताना केलेली प्रत्येक पायरी उलटी फिरवता येते, त्यामुळे या वाटेवर नवं मूळ जन्मालाच येत नाही. अशा गणितात ‘−1/2 चालत नाही म्हणून सोडून दिलं’ असं लिहिणं म्हणजे चूक झाकणं. खरं मूळ 1/2 अजून सापडायचंच आहे.

वर्ग करण्याची पायरी मात्र उलटी फिरत नाही. 3 आणि −3 समान नाहीत, पण वर्ग केला की दोन्हींचे 9 होतात. म्हणजे √(x + 7) = x − 5 चा वर्ग केल्यावर जे समीकरण उरतं, त्यात −√(x + 7) = x − 5 हे भावंडही गुपचूप येऊन बसतं. 9 हे मूळ पहिल्याचं आहे, 2 हे त्या भावंडाचं, म्हणजे दिलेल्या समीकरणासाठी उपरं मूळ. x² − 11x + 18 = 0 ला दोघंही सारखेच जवळचे, म्हणून तिथे ताळा पाहून 2 कधीच पकडलं जाणार नाही. त्या मुलाच्या ताळ्याने एवढंच सांगितलं की अवयव बरोबर पाडले आहेत. ते खरंच होतं.

इथे हमखास एक शंका येते: 9 चं वर्गमूळ −3 पण असतं ना? x² = 9 सोडवताना दोन्ही घ्यायचे, बरोबर. पण √ हे चिन्ह लिहिलं की त्याचा अर्थ ऋण नसलेलं वर्गमूळ एवढाच. √9 म्हणजे 3.

आता त्या मुलीच्या कामाची गोष्ट. दिलेल्या समीकरणात ताळा फसला, तर तो कसा फसला ते बघायचं. एकदाच वर्ग केला असेल तर बाकी आकडेमोड बरोबर असताना दोन्ही बाजूंचे वर्ग सारखे यायलाच हवेत. म्हणून उपरं मूळ घातल्यावर दोन बाजू आकड्याने सारख्या आणि चिन्हाने उलट दिसतात, जसे 3 आणि −3. हे दिसलं की खोडायचं काही नाही, फक्त ते मूळ बाद करायचं. उलट, समजा 18 म्हणजे सहा त्रिक अठरा असं डोक्यात येऊन कोणी (x − 6)(x − 3) असे अवयव पाडले. मग 6 घातल्यावर डावीकडे √13 आणि उजवीकडे 1 येईल. हे नुसतं चिन्हाचं भांडण नाही, आकडेच जुळत नाहीत. हे मूळ उपरं नाही, गणितच चुकलंय, मागे जाऊन बेरीज 9 येतेय की 11 ते तपासा.

दोनदा वर्ग करावा लागला तर ही खूण जरा पसरट होते. √(2x + 3) + √(x + 1) = 1 सोडवताना शेवटी x² − 2x − 3 = 0 येतं, मुळं 3 आणि −1. −1 घातलं तर 1 + 0 = 1, जमलं. 3 घातलं तर 3 + 2 म्हणजे 5, आणि उजवीकडे 1. आकडे जुळत नाहीत, तरी चूक नाही. एका वर्गमुळाचं चिन्ह बदलून पाहा: 3 − 2 = 1. असं चिन्ह बदलून जुळलं तर ते उपरं मूळच.

मुळं नीट पूर्णांकात आली तर किंमत घालून बघणं दोन मिनिटांचं काम. √(x + 3) = x − 1 मध्ये मात्र x² − 3x − 2 = 0 येतं आणि मुळं (3 ± √17)/2. ही वर्गमुळाच्या आत घालून बघणं जिवावर येतं. तिथे मी दोन कामं वेगळी करतो. आकडेमोडीसाठी मुळांची बेरीज 3 आणि गुणाकार −2 येतो का ते बघतो. उपऱ्या मुळासाठी एकच अट: डावीकडे वर्गमूळ आहे, म्हणून x − 1 ऋण असता कामा नये. √17 साधारण 4.12, म्हणजे मुळं 3.56 आणि −0.56. दुसरं 1 पेक्षा लहान, बाद.

अट कुठे लावायची यातही मुलं फसतात. वर्गमुळाच्या आतली राशी ऋण नाही एवढंच बघून ती पुढे जातात. आपल्या पहिल्या गणितात x = 2 ला आतली राशी 9 आहे, छान धन आहे, तरी 2 उपरंच. अट x − 5 वर लावायची. ती पाळली तर आतली राशी आपोआप सांभाळली जाते, कारण ती (x − 5)² इतकीच असते.

शाब्दिक उदाहरणात ‘लांबी ऋण नसते’ म्हणून जे मूळ सोडतो ते या दोन्हींतलं नाही. ते समीकरणाचं अस्सल मूळ असतं, फक्त शेताच्या लांबीला उपयोगाचं नसतं.

आणि ताळा ज्याला हातच लावू शकत नाही अशी एक चूक राहतेच. x² = 5x ला दोन्ही बाजूंनी x ने भागलं की x = 5 मिळतं. 25 = 25, ताळा चोख. पण भागताना x = 0 हे मूळ हरवलं, आणि वहीत नसलेल्या उत्तराचा ताळा कोण पाहणार?