वाढ तक्ता आणि पर्सेंटाइल

बाळाचे वय आडव्या रेषेवर आणि वजन किंवा लांबी उभ्या रेषेवर मांडून वाढीचा माग ठेवणारा आलेख म्हणजे वाढ तक्ता. एकाच वयाच्या शंभर निरोगी बाळांना वजनाच्या चढत्या क्रमाने उभे केले, तर आपले बाळ कितव्या जागी येते ते पर्सेंटाइल (शतमक) सांगते. सातवा पर्सेंटाइल म्हणजे शंभरपैकी सात गुण नव्हेत. सुमारे सात निरोगी बाळे याहून हलकी असतात, एवढाच त्याचा अर्थ.

पाच वर्षांखालील मुलांसाठी भारतात जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे तक्ते वापरतात. ते भारत, ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या मुलांच्या मोजमापांवरून बनवले. भारतातली मुले दक्षिण दिल्लीची होती. अंगणवाडीत मुलींचा तक्ता गुलाबी, मुलांचा निळा असतो. त्यावर शतमकांऐवजी हिरवा पट्टा आणि त्याखालचे धोक्याचे पट्टे असतात. हिरव्याची खालची कड साधारण तिसऱ्या पर्सेंटाइलच्या किंचित खाली येते. म्हणजे शंभर धडधाकट बाळांतही दोनेक बाळे त्या कडेखाली असणारच.

जळगाव, धुळे, नंदुरबार या खान्देशातल्या जिल्ह्यांत बाळ पाहायला आलेली बाई पहिल्यांदा बोलते ते त्याच्या अंगावरच: ‘बारीकच आहे गं!’ पण एका दिवसाच्या वजनावरून फारसे कळत नाही. कळते ते ठिपके जोडणाऱ्या रेषेवरून. उदाहरणादाखल पूर्ण दिवसांच्या दोन मुली घेऊ. पहिली जन्मली तेव्हा २.६ किलोची होती. सहाव्या महिन्यात ६.१, नवव्यात ६.९ आणि वर्षाची झाली तेव्हा ७.४ किलो. वर्षाच्या मुलीचे मधले वजन ८.९ किलो असल्याने ती शेजारणीच्या मुलीपुढे लहानच दिसते. पण तिचे चारही ठिपके सातव्या पर्सेंटाइलच्या आसपास पडतात. ती आपल्या वाटेने वाढते आहे. ती रांगते, उभी राहते, नीट खाते-पिते, आणि तिची लांबीही त्याच गतीने वाढत असेल, तर तिला टॉनिकची किंवा डब्यातल्या पावडरची गरज नाही.

दुसरी ३.४ किलोची जन्मली आणि सहाव्या महिन्यात ७.६ किलोची, सरासरीच्या थोडी वर होती. नवव्या महिन्यात वजन तेवढेच राहिले, वर्षाला ७.७ झाले. पहिलीपेक्षा ती ३०० ग्रॅमने जड आहे, अजून हिरव्या पट्ट्यातच आहे, म्हणून कुणी तिच्याकडे वळून पाहत नाही. खरी काळजी हिची करायला हवी. सहा महिन्यांत तिचे वजन फक्त १०० ग्रॅमने वाढले, आणि ती निम्म्याच्या वरून अकराव्या-बाराव्या पर्सेंटाइलवर उतरली. सहाव्या महिन्यानंतर नुसते वरणाचे पाणी मिळणे, वारंवार जुलाब होणे, ऊसतोडीच्या फडावर बाळाचे खाणे चुकणे अशी कारणे इथे शोधावी लागतात. स्थलांतरामुळे मधल्या महिन्यांची वजने राहून गेली, तर ही आडवी झालेली रेषा दिसतच नाही.

मात्र रेषा खाली आली की दरवेळी आजारच असतो असे नाही. जन्माचे वजन बरेचसे गर्भातल्या पोषणावर ठरते, पुढची चण आईबापांवरही जाते. त्यामुळे पहिल्या दोन वर्षांत काही निरोगी बाळे हळूहळू एखादी रेषा ओलांडतात. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत वजन थोडे उतरते आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय ठरलेल्या प्रसूतीच्या तारखेपासून मोजावे, नाहीतर ते विनाकारण खुजे ठरते. कधी चूक मोजण्यातच असते: थंडीत स्वेटर-टोपीसकट केलेले वजन, शून्यावर न आणलेला काटा, चुकीच्या महिन्यावर पडलेला ठिपका. शंका आली की आधी कपडे काढून, त्याच काट्यावर पुन्हा वजन करावे.

‘आमच्या घरात सगळेच लहान चणीचे’ हे उत्तर सातपुड्यातल्या धडगाव, अक्कलकुवा भागात जपून स्वीकारावे. त्या सहा देशांतल्या नीट पोसलेल्या मुलांच्या लांबीत देशादेशांमध्ये फरक अगदी थोडा निघाला होता. आईच कुपोषणात वाढली असेल, तर तिची लहान चण हा निव्वळ वारसा नसतो. म्हणून वजनाबरोबर लांबी आणि दंडाचा घेर मोजतात. सहा महिन्यांनंतरच्या बाळाचा दंड ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी भरला, दोन्ही पायांवर सूज आली, किंवा लांबीच्या मानाने वजन सर्वांत खालच्या रेषेच्याही खाली गेले, तर ते तीव्र कुपोषण असते. अशा बाळाला लगेच आरोग्य केंद्रात दाखवावे. त्याला ताप, सूज किंवा खाण्याची अनिच्छा असेल, तर पोषण पुनर्वसन केंद्रात भरती करतात.