जंगलाचं गणित यंत्राच्या गळ्यात

समजा, भोसरीतल्या एका लहान कारखान्याच्या टेबलावर एअर कॉम्प्रेसरची दोन कोटेशनं पडली आहेत. पहिला १,२०,००० रुपयांचा, ३ वर्षं चालणारा, वीज आणि देखभाल धरून वर्षाला ३०,००० खाणारा. दुसरा २,००,००० चा, ५ वर्षं टिकणारा, वर्षाला २०,००० खाणारा. व्याजदर १० टक्के धरून सगळे खर्च आजच्या किमतीत आणले, तर पहिल्याचे सुमारे १,९४,६०० होतात आणि दुसऱ्याचे २,७५,८००. पहिला स्वस्त दिसतो. पण एक बेरीज ३ वर्षांच्या हवेची आहे आणि दुसरी ५ वर्षांच्या.

हाच पेच १८४९ साली जर्मन वनाधिकारी मार्टिन फाउस्टमान याच्यापुढे होता, फक्त त्याच्याकडे यंत्र नव्हतं, मोकळी वनजमीन होती. झाडं लावायची, काही दशकांनी तोडायची, पुन्हा लावायची. या जमिनीचं मोल किती? एकाच पिकाचा हिशेब केला तर तोडणीनंतर जमीन पुन्हा मोकळी होते, ही गोष्ट निसटते. म्हणून त्यानं लागवड आणि तोडणीचं तेच चक्र अनंत वेळा होईल असं धरलं आणि त्या सगळ्या साखळीचं आजचं मूल्य काढलं. चक्र ६० वर्षांचं असो वा ८०, अनंत साखळीला अनंत साखळीशी ताडता येतं. जंगलात हे गृहीतक शोभतं. तीच माती, तेच झाड.

अमेरिकेत हा विचार रेल्वेच्या अंगानं वाढला. आर्थर वेलिंग्टननं १८७७ मध्ये लोहमार्ग कुठून न्यावा याचं अर्थशास्त्र मांडलं. मार्गातला एक नेहमीचा प्रश्न रुळांखालच्या लाकडी स्लीपरचा असे: साधा स्लीपर स्वस्त, पण लवकर कुजतो, लाकूड कुजू न देणारं क्रिओसोट तेल पाजलेला महाग, पण बराच जास्त टिकतो. एक कुजला की त्याच जागी तसाच दुसरा घालायचा, म्हणजे जंगलासारखीच पुनरावृत्ती. तेव्हा अनंत साखळीऐवजी थेट विचारणं सोपं होतं की एका स्लीपरचा वर्षाला किती खर्च? स्टॅनफर्डच्या युजीन ग्रँट यांच्या १९३० च्या पाठ्यपुस्तकातून वार्षिक खर्चाची ही पद्धत इंजिनिअरांच्या वर्गात रुळली.

करायचं इतकंच, की यंत्राची किंमत त्याच्या आयुष्यभराच्या समान वार्षिक हप्त्यांत बसवायची. घराच्या कर्जाचा ईएमआय निघतो तसाच हा आकडा निघतो. एक्सेलमध्ये:

```
=PMT(10%,3,-120000)
=PMT(10%,5,-200000)
```

पहिल्याचा हप्ता सुमारे ४८,२५०, दुसऱ्याचा ५२,७६०. चालवण्याचा खर्च मिळवला की पहिला वर्षाला ७८,२५० ला पडतो आणि दुसरा ७२,७६० ला. निकाल उलटला. पडताळा हवा असेल तर १५ वर्षं घ्या, पहिला ५ वेळा आणि दुसरा ३ वेळा. वर्षाला तीच साडेपाच हजारांची बचत निघते. किमतीला नुसतं ३ आणि ५ नं भागणारेही पुष्कळ भेटतात. ते अडकलेल्या पैशाचं व्याज विसरतात, आणि महागड्या, टिकाऊ यंत्राला त्यामुळे फुकटची सूट मिळते.

मात्र या हिशेबात जंगलाचं गृहीतक लपून बसलेलं असतं: ३ वर्षांनी तोच कॉम्प्रेसर, त्याच किमतीला, तितकीच वीज खाणारा मिळेल. स्लीपरच्या बाबतीत हे खपलं. यंत्राच्या बाबतीत ते किती खोटं आहे, हे सर्वांत ठासून मांडलं जॉर्ज टेरबर्ग यांनी, १९४९ मध्ये. ते अमेरिकेतल्या यंत्रनिर्मात्यांच्या संस्थेचे अर्थतज्ज्ञ होते. चालू यंत्राला त्यांनी ‘डिफेंडर’ आणि त्याची जागा घेऊ पाहणाऱ्या नव्याला ‘चॅलेंजर’ म्हटलं. त्यांचा मुद्दा असा, की चॅलेंजर दरवर्षी सुधारतो. त्यामुळे जुनं यंत्र झिजलं नाही तरी मागे पडतं, आणि ही पिछाडीसुद्धा वार्षिक खर्चात धरायला हवी. यंत्रनिर्मात्यांच्या पदरी असलेल्या माणसानं नवं यंत्र घ्यायला कारण पुरवावं, यात नवल नाही. पण मुद्दा खराच आहे. सुधारणा जोरात असेल तर कमी आयुष्याच्या यंत्रात लवकर मोकळं होण्याची सोय असते, आणि नुसत्या हप्त्यात ती दिसत नाही.

आपल्या कारखान्याचं काम ३ वर्षांच्याच कंत्राटाचं असेल तर साखळी धरायलाच नको. तेव्हा दोघांनाही ३ वर्षंच चालवून पाहायचं, आणि तिसऱ्या वर्षाअखेर दुसऱ्याला सेकंडहँड बाजारात काय येईल ते वजा करायचं. आकडेमोड केली तर उंबरठा ७३,४०० च्या आसपास येतो. तेवढे किंवा जास्त मिळणार असतील तर दुसरा घ्यावा, नाहीतर पहिला. म्हणजे कोटेशनं बाजूला ठेवून आधी जुन्या कॉम्प्रेसरच्या व्यापाऱ्याला फोन लावायचा.