शेवटच्या पोलावरचे व्होल्टेज: पार्श्वभूमी

डीपी म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरजवळच्या विहिरीवर मोटर एका दणक्यात उचलते. त्याच डीपीवरून किलोमीटरभर पुढे गेलेल्या तारेच्या शेवटी ती नुसती घुमते, शाफ्ट अर्धा फेरा मारून थबकतो आणि स्टार्टर सोडून देतो. शेजारच्या वस्तीवर ट्यूबची दोन्ही टोके लालसर होतात, स्टार्टर टिकटिकत राहतो, पण ट्यूब काही लागत नाही. दोन्हींचे कारण एकच आहे आणि ते मोटरीत किंवा ट्यूबमध्ये नाही.

महाराष्ट्रात शेतीपंपांना वीज देण्याची मोहीम १९६० च्या दशकात वेगाने सुरू झाली. १९७२ च्या दुष्काळानंतर विहिरी आणि मोटरी दोन्ही झपाट्याने वाढल्या. तेव्हा यश मोजले जात होते ते किती गावांत वीज गेली आणि किती पंप जोडले यावर. शेवटच्या माणसाला किती व्होल्ट मिळतात, हा आकडा कोणी मागत नव्हते. नवा ट्रान्सफॉर्मर बसवण्यापेक्षा आहे त्याच डीपीवरून चार पोल पुढे नेणे स्वस्त पडे, आणि चारचे चाळीस कधी झाले ते कळलेही नाही. तारांच्या जाडीला प्राण्यांची नावे आहेत: बारीक ती स्क्विरल, मग वीझल, मग रॅबिट. लांबलेल्या फाट्यांवर बहुतेक ठिकाणी पहिल्या दोनच सापडतात.

या लांबीचा परिणाम आकड्यांत पाहू. ४१५ व्होल्टची थ्री फेज लाइन, १ किलोमीटर वीझल तार आणि शेवटी ५ एचपीच्या ५ मोटरी असे धरू. एक मोटर पूर्ण भारावर साधारण साडेसात अँपिअर घेते, म्हणजे तारेतून ३७ ते ३८ अँपिअर. तापलेल्या वीझलचा रोध किलोमीटरला सुमारे १ ओहम असतो. तारेची रिअॅक्टन्स आणि मोटरींचा ०.८ च्या आसपासचा पॉवर फॅक्टर धरला, तर दर फेजला जवळपास ३८ व्होल्ट वाटेतच जातात. डीपीवर २४० असेल तर शेवटी २०२ उरतात. आता सहावी मोटर चालू केली, तर सुरुवातीचे काही क्षण ती पाच-सहा पट करंट ओढते आणि फेजचे व्होल्टेज पावणेदोनशेवर येते. मोटरीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटत असल्याने व्होल्टेज पाऊण झाले की जोर जेमतेम निम्म्यावर येतो. पाण्याने भरलेला पंप तेवढ्यात उचलत नाही. मोटर अडकून राहते, म्हणून करंट खाली येत नाही, आणि आधी चालू असलेल्या पाचही मोटरी मंदावतात.

चोकच्या ट्यूबचीही हीच गत होते. स्टार्टरच्या पट्ट्या उघडताना चोकने दिलेला झटका ट्यूब पेटवतो. व्होल्टेज कमी असेल तर फिलामेंट पुरेशी तापत नाही आणि झटकाही दुबळा पडतो. रात्रभर असे टिकटिकणे चालले की ट्यूबची टोके काळी पडतात. इलेक्ट्रॉनिक चोक आणि नंतर एलईडी आल्यावर ही तक्रार घटली. लाइन मात्र होती तशीच राहिली, फक्त तिचा बोभाटा थांबला.

या सगळ्या इतिहासात सर्वाधिक वाद झाला तो १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या एका निर्णयावर: शेतीपंपाचे मीटर बाजूला ठेवून एचपीवर बिल. विखुरलेल्या पंपांचे रीडिंग घेणे महाग होते, त्यामुळे हिशेबाच्या दृष्टीने निर्णय समजण्यासारखा होता. पण एचपी म्हणजे कोणती, हे कागदावर कधीच पक्के झाले नाही. मंजुरीतली, पाटीवरची आणि मोटर प्रत्यक्ष ओढते ती, या तीन वेगळ्या एचपी आहेत. ७.५ च्या मोटरीवर ५ ची पाटी लागली की बिल ५ चे येते आणि तारेवर भार ७.५ चा पडतो. ६३ केव्हीएच्या डीपीवर ५ एचपीच्या अकरा मोटरी बसतात. त्याच अकरा जर प्रत्यक्षात ७.५ च्या असतील, तर मागणी ८५ केव्हीएच्या पुढे जाते. कपॅसिटरचेही तसेच झाले. ५ एचपीला २ केव्हीएआरचा कपॅसिटर लावला तर तारेतला करंट उतरतो, पण त्याने बिल कमी होत नसेल तर तो कोण लावणार? लावलेले जळले आणि पुन्हा कोणी बसवले नाहीत.

शेतकऱ्यांनी पाट्या बदलल्या म्हणून लाइन कोलमडली, एवढेच सांगण्याची पद्धत आहे. ते अर्धेच खरे आहे. मीटर नसल्यामुळे लांब तारांत जळणारी आणि तारेवर आकडा टाकून चोरली जाणारी वीजही शेतीपंपांच्या अंदाजी वापरात दाखवता आली. गळतीच दिसत नसेल तर तार बदलण्याची घाई कुणाला असणार? वरच्या उदाहरणात १ किलोमीटर वीझलमध्ये चार किलोवॅटहून जास्त वीज नुसती तार तापवण्यात जाते, म्हणजे जवळपास आणखी एका मोटरीइतकी. २००३ च्या वीज कायद्याने मीटरशिवाय पुरवठा नको म्हटले आणि दोन वर्षांची मुदत दिली. ती उलटून गेल्यावरही बिनमीटरचे पंप चालूच राहिले.

लो व्होल्टेजवर गावाने जे तोडगे काढले, त्यांनी दुखणे वाढवले. रिवाइंडिंगवाले ३३०-३५० व्होल्टला चालेल अशी मोटर भरून देऊ लागले: वेढे कमी, तार जाड. अशी मोटर उचलते खरी, पण करंट जास्त ओढते, म्हणून शेजाऱ्याचे व्होल्टेज आणखी पडते. भार उतरून लाइन ४२० वर गेली की तीच मोटर गाभ्यातून तापून जळते. व्होल्टेज पडले की नोव्होल्ट कॉइल स्टार्टर सोडते, म्हणून त्या स्टार्टरमध्ये लाकडाची पट्टी अडकवतात, तेव्हा अडकलेली मोटर सोडवायला कोणी उरत नाही. लाइट आली की मोटर आपोआप चालू करणारा ऑटो भारनियमनाच्या काळात आला आणि त्याने कळस केला. ठरल्या वेळी लाइट आली की फीडरवरच्या सगळ्या मोटरी एकाच क्षणी उठायला बघतात आणि एकही उठत नाही. ऑटोला वेगवेगळ्या वेळेचा टायमर लावला तर हे टळते, पण प्रत्येकाला पहिला नंबर हवा असतो.

दोष तारेचा आहे का, हे दोन मोजमापांत कळते. मोटरी चालू असताना दोन फेजमध्ये डीपीवर ४१० आणि शेवटी ३४० आले तर तार कमी पडते. डीपीवरच ३७० असेल तर दुखणे ११ केव्ही बाजूला आहे किंवा डीपीच अपुरी आहे. न्यूट्रलशी मोजताना एका फेजला १६०, दुसऱ्याला २८० दिसले तर न्यूट्रल तुटला आहे किंवा जॉइंट सैल आहे. अशा वेळी मोटरीपेक्षा घरातला टीव्ही आधी जातो.

२००० च्या दशकात गावठाणाचे फीडर शेतीपंपांच्या फीडरपासून वेगळे होऊ लागले. गावातल्या दिव्यांची सुटका झाली, शेतातल्या वस्त्यांची नाही. २०१८ च्या सुमारास ११ केव्ही लाइनच शेतापर्यंत नेऊन एक-दोन पंपांना १० ते २५ केव्हीएचा छोटा ट्रान्सफॉर्मर देण्याची योजना आली. वरच्या पाच मोटरींचा भार ११ केव्हीवर जेमतेम दीड अँपिअर होतो आणि किलोमीटरला एक-दीड व्होल्ट पडतात, तेही सहा हजारांतून. विज्ञान निर्विवाद आहे, अडचण खर्चाची आणि देखभालीची. एक मोठी डीपी जळली की वीस जण ऑफिसात जाऊन बसतात, छोटी जळली की एकटाच.

एप्रिल २०२४ पासून ७.५ एचपीपर्यंतच्या पंपांचे बिल माफ झाले. पाटीवर किती एचपी लिहिले आहे, याला पुन्हा किंमत आली आहे.