तीच पट्टी, ऑगस्टमधली आणि मार्चमधली

पावसाळ्यात नाशिकमध्ये कुणाला ताप भरला, की सिडको असो वा पंचवटी, पहिली शंका डेंग्यूची येते. लॅबमध्ये रक्ताचे थेंब एनएस-१ च्या रॅपिड पट्टीवर पडतात, थोड्या वेळात दुसरी रेघ उमटते आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "टेस्ट ९६ टक्के अचूक आहे, म्हणजे ९६ टक्के डेंग्यूच." इथेच हिशेब चुकतो. तो ९६ चा आकडा डेंग्यू नसलेल्यांबद्दलचा आहे. त्यांच्यापैकी शंभरात ९६ जणांची पट्टी कोरी राहते, एवढंच तो सांगतो.

हिशेबापुरती अशी पट्टी धरू: डेंग्यू असलेल्या शंभर जणांत ७२ जणांना रेघ येते, नसलेल्या शंभरांत चौघांना. (प्रत्येक किटचे आकडे वेगळे असतात, ते माहितीपत्रकात पाहावेत.) ७२ भागिले ४ म्हणजे १८. रेघ दिसली, की ती डेंग्यूच्या बाजूने १८ पट वजनाचा पुरावा ठरते. पण १८ पट कशाच्या? टेस्टच्या आधी जी शंका होती तिच्या.

आधीची शंका ऑड्समध्ये, म्हणजे डेंग्यू असलेले किती आणि नसलेले किती या गुणोत्तरात मांडायची. ऑगस्टमध्ये दवाखान्यात येणाऱ्या तापाच्या पाच रुग्णांत एकाला डेंग्यू निघतो असं धरलं, तर ऑड्स 'एकास चार', म्हणजे ०.२५. त्याला १८ ने गुणलं की ४.५. गुणाकार जमतोच, पण पुरावे एकावर एक येऊ लागले की बेरीज जास्त सोयीची. शाळेतलं लॉग टेबल त्यासाठीच होतं: गुणाकाराची बेरीज करायला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या ब्लेचली पार्क या संकेत फोडणाऱ्या केंद्रात ॲलन ट्युरिंग आणि जॅक गुड जर्मन संदेश फोडताना पुरावा असाच मोजत. एककाचं नाव डेसिबॅन. हे 'बॅन' बॅनबरी या गावावरून आलं, कारण त्या कामाचे लांबलचक कागद तिथे छापले जात. आकड्याचा दहा-पायाचा लॉग घ्या, दहाने गुणा, झाला डेसिबॅन.

पाठ करायचे आकडे तीनच. दुप्पट म्हणजे ३, तिप्पट म्हणजे ४.८, दहापट म्हणजे १०. भागाकार असेल तर तेच उणे. १८ म्हणजे २ गुणिले ३ गुणिले ३, म्हणून ३ + ४.८ + ४.८ = १२.६. एकास चार म्हणजे दोनदा निम्मं, म्हणून उणे ६. आता बेरीज:

−६ + १२.६ = ६.६

शून्य डेसिबॅन म्हणजे ५० टक्के, ३ म्हणजे ६७, ६ म्हणजे ८०, १० म्हणजे ९१, २० म्हणजे ९९. तेव्हा ६.६ म्हणजे साधारण ८२ टक्के. शंका दाट आहे, पण ९६ नव्हे.

तीच पट्टी मार्चच्या कोरड्या हवेत लावा. तेव्हा शंभर तापांत एकच डेंग्यू धरला तर सुरुवात उणे २० वर. उणे २० अधिक १२.६ म्हणजे उणे ७.४, साधारण १५ टक्के. पट्टीचं वजन दोन्ही वेळी १२.६ च होतं, फक्त उभं राहायची जागा १४ डेसिबॅन खाली गेली.

कोऱ्या पट्टीचा हिशेब लोक सहसा करतच नाहीत. डेंग्यू असूनही २८ जणांची पट्टी कोरी, नसताना ९६ जणांची. २८ भागिले ९६ म्हणजे ०.२९, म्हणजे उणे ५.४. ऑगस्टमधला रुग्ण उणे ११.४ वर येतो, जवळपास ७ टक्के. पण हे तापाच्या पहिल्या काही दिवसांचं. एनएस-१ हे विषाणूचं प्रथिन आठवड्याभरात रक्तातून ओसरतं. सातव्या दिवशी शंभरात चाळीसच रेघा उमटतात असं धरलं, तर कोऱ्या पट्टीचं वजन उणे २ उरतं आणि शंका १४ टक्क्यांवर अडकते. उशिरा आलेली 'निगेटिव्ह' फारसं काही सांगत नाही. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर आयजीएम एलायझा ही प्रतिपिंडं शोधणारी टेस्ट करतात ते याच कारणासाठी, कारण तोवर शरीराने प्रतिपिंडं बनवलेली असतात.

या पद्धतीने पपईच्या पानांच्या रसाचाही निकाल लावता येतो. रस पाजला आणि दोन दिवसांत प्लेटलेट चढल्या. पण डेंग्यू उतरणीला लागला की त्या रसाशिवायही चढतात. दोन्हीकडे तेच दिसणार असेल तर गुणोत्तर एक, आणि एकाचा लॉग शून्य. शेजारच्या दहा घरांचे अनुभव मिळवले तरी शून्याची बेरीज शून्यच.

बेरीज फसते ती मात्र वेगळ्याच ठिकाणी. रेघ आली म्हणून त्याच रक्ताची त्याच कंपनीची दुसरी पट्टी लावली, तीही पॉझिटिव्ह. आता २५ डेसिबॅन झाले का? नाही. पहिल्या पट्टीला त्या रक्तातल्या ज्या गोष्टीने फसवलं, तीच दुसरीलाही फसवणार. वजनं सरळ मिळवायची तर, रुग्णाला डेंग्यू आहे की नाही हे ठरवून टाकल्यावर एका टेस्टच्या चुकीचा दुसरीच्या चुकीशी संबंध उरता कामा नये. दुसऱ्या पट्टीने खरी भर पडते ती डेसिबॅनभराची, कधी तेवढीही नाही. फार तर पहिली पट्टी लावताना हात चुकला नव्हता, एवढी खात्री होते.