नोकरी सुटली, ऑफिसचं गूगल खातं बंद झालं: त्यातल्या घरच्या फाइल परत मिळवण्यासाठी अर्ज कसा करायचा

कंपनीनं दिलेल्या मेल खात्यात मुलांचे फोटो, घराच्या करारनाम्याचं स्कॅन, आजीच्या औषधांच्या चिठ्ठ्या असं सगळं साठत जातं. फोनवर तेच खातं पहिलं घातलेलं असतं, फोटोंचा बॅकअप आपोआप तिथंच जातो, आणि शेवटच्या दिवशी संध्याकाळी खातं बंद पडतं. मग लोक अर्ज करतात आणि बहुतेकांचा पहिला अर्ज फेटाळला जातो. कारणं ठरलेली आहेत. मी बरीच वर्षं ॲडमिनच्या खुर्चीत बसून असे अर्ज वाचले आहेत, म्हणून ती इथं लिहितो. ही माहिती गूगल वर्कस्पेस वापरणाऱ्या कंपन्यांपुरती आहे. मायक्रोसॉफ्टवाल्यांसाठी पुढं एक परिच्छेद आहे.

आधी हे कळलं पाहिजे: खातं थांबवलंय की काढून टाकलंय?

दोन्ही वेळा तुम्हाला लॉगिन करता येत नाही, त्यामुळे बाहेरून फरक कळत नाही. आतून मात्र दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. खातं नुसतं थांबवलं असेल, म्हणजे ॲडमिनच्या भाषेत ‘सस्पेंड’, तर मेल, ड्राइव्ह, फोटो सगळं जागेवर असतं आणि ॲडमिन ते केव्हाही पुन्हा चालू करू शकतो. ‘डिलीट’ केलं असेल तर ते परत आणायला २० दिवस मिळतात. त्यानंतर ॲडमिनलाही काही करता येत नाही, आणि गूगललाही विनंती करून उपयोग नसतो.

थांबवलेल्या खात्याचंही लायसन्सचं बिल कंपनीला येत राहतं, म्हणून आयटीवाले ते फार दिवस तसं ठेवत नाहीत. थोडे दिवस थांबवून मग डिलीट, हा सर्रास रिवाज. म्हणून अर्जातला पहिला प्रश्न हाच हवा: खातं थांबवलं आहे का, आणि डिलीट केलं असेल तर नेमकं कोणत्या तारखेला?

२० दिवस कुठून मोजायचे

सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं. हे २० दिवस डिलीट केल्याच्या तारखेपासून मोजतात. शेवटच्या कामाच्या दिवसापासून नाहीत, तुम्ही मेल टाकला त्या दिवसापासून नाहीत आणि ‘फुल अँड फायनल’च्या तारखेपासून तर नाहीतच. एचआर सांगते, ‘४५ दिवसांत सगळं सेटल होईल.’ ते पैशांबद्दल असतं. फाइलींना तो हिशेब लागू नाही, पण ऐकणारा निर्धास्त होतो.

दुसरा घोळ रिलिव्हिंग लेटरचा. ‘अर्जासोबत रिलिव्हिंग लेटर जोडा’ असं उत्तर येतं आणि माणूस लेटरची वाट बघत बसतो. लेटर हिशेब पूर्ण झाल्यावर निघतं, तोवर २० दिवस उलटलेले असतात. जे कागद कंपनीनंच अजून दिलेले नाहीत तेच कंपनी मागते, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता चिडही येत नाही. वाट बघू नका. राजीनामा स्वीकारल्याचा मेल, शेवटची पगाराची स्लिप आणि लॅपटॉप परत केल्याची पोच जोडा, आणि लिहा की लेटर आल्यावर लगेच पाठवतो. ओळख पटवायला एवढं पुरतं. नाही म्हणणारी कंपनी लेटर दाखवूनही नाहीच म्हणते.

अर्ज कोणी, कुठून आणि कोणाला करायचा

आयटीची तक्रार नोंदवायचं पोर्टल माजी कर्मचाऱ्याला उघडत नाही, कारण त्यालाही तेच बंद खातं लागतं. त्यामुळे मेलच करावा लागतो, आणि तो कोणत्या पत्त्यावरून जातो याला फार महत्त्व आहे. अनोळखी जीमेलवरून ‘मी तुमचा जुना कर्मचारी, माझं खातं उघडा’ असा मेल आला की जबाबदार ॲडमिन तो फसवणूक समजून बाजूला टाकतो, आणि त्यात त्याचं चुकत नाही. तुमचं ऑफर लेटर ज्या खासगी पत्त्यावर आलं होतं त्याच पत्त्यावरून लिहा. तो एचआरच्या नोंदीत असतो. तो पत्ता आता वापरात नसेल तर एचआरला नोंदीतल्या मोबाइलवर फोन करून खात्री करायला सांगा.

मेल एचआरला, आयटी सपोर्टच्या पत्त्यावर आणि तुमच्या शेवटच्या मॅनेजरला एकत्र जावा. खातं परत आणायचा अधिकार एचआरकडे नसतो, तो सुपर ॲडमिनकडे असतो. पण एचआरच्या होकाराशिवाय तो हात लावत नाही.

काय मागायचं

‘माझं खातं परत चालू करा’ असं लिहिलंत की नकार पक्का. कंपनीच्या धोरणात त्या खात्यातला सगळा डेटा कंपनीचा असतो, आणि माजी माणसाला कंपनीचे मेल उघडून देणं कोणालाच परवडत नाही. नेमकं मागा. उदाहरणार्थ:

> खाते: (कंपनीतला माझा मेल पत्ता). शेवटचा दिवस: ३० जून. मला या खात्यातल्या फक्त दोन गोष्टींची प्रत हवी आहे: गूगल फोटोमधले कौटुंबिक फोटो, आणि ड्राइव्हमधलं ‘घर’ नावाचं फोल्डर. मेल किंवा कामाच्या फाइल नकोत. आयटीच्या देखरेखीत, स्क्रीन शेअर करून प्रत घ्यायला मी तयार आहे. खाते डिलीट केले असल्यास तारीख कळवावी आणि मुदत संपण्यापूर्वी ते परत आणावे.

फोल्डरचं नाव आठवत नाही ही सगळ्यांची अडचण. तुमच्या खासगी जीमेलमध्ये ऑफिसच्या पत्त्यावरून स्वतःलाच पाठवलेले मेल शोधा. जोडीदाराला दिलेल्या लिंकही बघा, त्यात फाइलची नावं सापडतात.

याच शोधात एक सोपं काम उरकून घ्या. ऑफिसच्या खात्यातून तुमच्या किंवा घरच्यांच्या खासगी खात्याला शेअर केलेली फाइल, खातं थांबवलेलं असेपर्यंत उघडते. खासगी ड्राइव्हमध्ये `Shared with me` उघडा आणि `Make a copy` करा. नुसता शॉर्टकट ठेवून काही होत नाही. खातं डिलीट झालं आणि मालकी कोणाकडे दिली नाही, की मूळ फाइल जाते आणि शॉर्टकट रिकामा राहतो.

‘तुमचा डेटा मॅनेजरकडे दिला आहे’

हे उत्तर आलं की लोक गप्प बसतात. डिलीट करताना ॲडमिनला ड्राइव्हच्या फाइलींची मालकी दुसऱ्याकडे देता येते, तेव्हा ड्राइव्हपुरतं उत्तर खरं असेल. गूगल फोटो मात्र त्या हस्तांतरात जातच नाहीत. मॅनेजरकडे फाइली आहेत आणि फोटो २० दिवसांनी पुसले जाणार आहेत, अशी अवस्था असते आणि बऱ्याच ॲडमिनना ते ठाऊकही नसतं. अर्जात हे एका ओळीत लिहा: ‘फोटो हस्तांतरात येत नाहीत, त्यासाठी खाते परत आणावे लागेल.’

पुण्यातल्या एका ताईंचं प्रकरण असंच गेलं. ३० जूनला शेवटचा दिवस, त्याच संध्याकाळी खातं थांबलं, १२ जुलैला डिलीट झालं. म्हणजे मुदत १ ऑगस्टपर्यंत. रिलिव्हिंग लेटर मिळणार होतं ऑगस्टच्या मध्यावर. फोनवर फोटोंच्या छोट्या चौकटी अजून दिसत होत्या, म्हणून त्या निश्चिंत होत्या; पण बोट ठेवलं की फोटो धूसरच राहायचा, कारण जागा मोकळी करताना मूळ फोटो फोनवरून कधीच गेले होते. पहिल्या मेलला ‘धोरणानुसार शक्य नाही’ एवढंच उत्तर आलं. दुसऱ्या मेलमध्ये त्यांनी वर लिहिलंय तसं नेमकं मागितलं. २९ जुलैला खातं परत आणलं गेलं, आणि मग नवीच अडचण: लॉगिनचा कोड परत केलेल्या ऑफिसच्या फोनवर जात होता. ॲडमिनला बॅकअप कोड काढून देता येतो, तो मागावा लागला. मग `takeout.google.com` हे खात्यातल्या डेटाची प्रत उतरवून घ्यायचं गूगलचं पान उघडून सगळ्या खुणा काढल्या आणि फक्त फोटोंची ठेवली. पहिल्यांदा ‘परवानगी नाही’ असं आलं. टेकआउट कंपनीनं बंद ठेवलं होतं, ते तेवढ्यापुरतं चालू केलं. मोठी फाइल तयार व्हायला एखाद-दोन दिवस लागू शकतात, आणि तयार झाल्यावर डाउनलोडची लिंक साधारण आठवडाभरच चालते. ताईंची फाइल ३१ तारखेला उतरली आणि दुसऱ्या दिवशी खातं पुन्हा डिलीट झालं.

दरम्यान फोनवरून ते खातं स्वतः काढू नका. फोनमध्ये साठलेलं जे काही उरलंय ते त्याच्याबरोबर जातं. व्हॉट्सॲपचा बॅकअप त्याच खात्यावर जात असेल तर चॅट बॅकअपच्या सेटिंगमध्ये आजच खासगी खातं निवडा आणि नवा बॅकअप घ्या. फोन बदलल्यावर हे जमणार नाही.

मायक्रोसॉफ्ट असेल तर

तिथं डिलीट केलेला वापरकर्ता ३० दिवसांत परत आणता येतो. वनड्राइव्हही वेगळं काही ठरवलं नसेल तर ३० दिवस राहतं, आणि मॅनेजरची नोंद असेल तर त्याला तिथं आपोआप प्रवेश मिळतो. त्यामुळे त्याला गोडीत विचारलं तर पटकन काम होतं. मुदतीनंतर ते ९३ दिवस रिसायकल बिनमध्ये असतं आणि ॲडमिन तिथून काढू शकतो. गूगलपेक्षा इथं सवड जास्त आहे.

काय करू नये

गूगलच्या खाते परत मिळवण्याच्या पानावर वेळ घालवू नका. ते कंपनीच्या ॲडमिनकडे बोट दाखवतं. इंटरनेटवर ‘गूगल हेल्पलाइन’ म्हणून जे नंबर सापडतात त्यावर तर फोनच करू नका. आणि जुन्या सहकाऱ्याला ‘तुझ्या लॉगिननं जरा उघड ना’ असं म्हणू नका. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणक यंत्रणेत शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ खाली येतं, आणि त्यात त्या सहकाऱ्याची नोकरी जाऊ शकते.

काही जण २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचा दाखला देऊन धमकीवजा मेल लिहितात. त्या कायद्यातला माहिती मागण्याचा हक्क म्हणजे तुमच्या वैयक्तिक माहितीचा सारांश मिळवण्याचा हक्क. फोल्डर परत द्या असं त्यात कुठं नाही. अशा मेलनं फक्त एवढंच होतं की अर्ज आयटीकडून उचलून कायदा विभागाकडे जातो, आणि तिथं २० दिवस सहज संपतात.

मुदत टळलीच असेल तर खात्यात शोधणं थांबवा आणि बाहेर शोधा. जोडीदारानं शेअर केलेल्या अल्बममधले फोटो स्वतःच्या गॅलरीत जतन केले असतील तर ते राहतात. जुना फोन कपाटात असेल तर त्याचं `DCIM` फोल्डर उघडून बघा. घरच्या संगणकावर ड्राइव्हचं सॉफ्टवेअर फाइलींची प्रत ठेवेल असं लावलेलं असेल, तर ते सुरू करण्याआधी इंटरनेट बंद करा आणि फोल्डर दुसरीकडे कॉपी करा.