रिफल पिसणी आणि पत्त्यांची सरमिसळ

५२ पत्त्यांचा कॅट रिफल पद्धतीने किती वेळा पिसला म्हणजे त्यातला मूळ क्रम पुसला जातो, हा संभाव्यताशास्त्रातला एक गाजलेला प्रश्न आहे. 'सात वेळा' हे त्याचे प्रचलित उत्तर. ते डेव्ह बेयर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांच्या १९९२ सालच्या शोधनिबंधातून आले. डायकोनिस हे गणिताकडे वळण्यापूर्वी व्यावसायिक जादूगार होते, आणि हा विषय त्यांच्याच हातून सुटावा यात नवल नाही. पिसल्यानंतरही कॅटात काय शिल्लक राहते, हे पत्त्यांची जादू करणाऱ्यांना आधीपासून ठाऊक होते.

रिफल पिसणीत कॅटाचे साधारण मध्यावर दोन भाग करतात आणि अंगठ्यांनी कडा सोडत दोन्ही भागांची पाने फरफर एकमेकांत गुंफतात. या कृतीचे गणिती रूप एडगर गिल्बर्ट आणि क्लॉड शॅनन यांनी १९५५मध्ये मांडले; जिम रीड्स यांनी १९८१मध्ये तेच स्वतंत्रपणे शोधले. त्यात भाग नेमके निम्मे होत नाहीत. ५२ वेळा नाणे उडवून जितके छापे पडतील तितकी पाने वरच्या भागात घ्यायची. त्यामुळे बरोबर २६-२६ अशी विभागणी शंभरात सुमारे ११ वेळाच होते. मग ज्या हातात जास्त पाने उरली आहेत, त्या हातातून पुढचे पान पडण्याची शक्यता त्याच प्रमाणात जास्त धरायची. नवशिक्या माणसाची पिसणी या प्रतिमानाशी बरीच जुळते.

क्रम कुठे टिकून राहतो, हे आठ पानांवर दिसते. १ ते ८ अशी पाने लावून ती तीन आणि पाच अशी विभागली आणि गुंफली, तर समजा ४ १ ५ ६ २ ७ ३ ८ असा क्रम आला. वरवर पाहता सगळे विस्कटले आहे. पण डावीकडून उजवीकडे फक्त १, २, ३ शोधत जा. ते त्याच क्रमाने सापडतात. मग पुन्हा सुरुवातीपासून ४, ५, ६, ७, ८ शोधा, तेही तसेच. अशा प्रत्येक साखळीला आपण 'चढती माळ' म्हणू. इथे दोन माळा आहेत, कारण भाग दोन होते. आता हीच पाने चार-चार अशी विभागून पुन्हा गुंफली आणि २ ४ ७ १ ५ ३ ६ ८ असा क्रम आला, तर माळा चार होतात: एकटा १, मग २, ३, मग ४, ५, ६, आणि शेवटी ७, ८. एका पिसणीने माळांची संख्या जास्तीत जास्त दुप्पट होऊ शकते, त्याहून अधिक कधीच नाही. सगळी गोम इथे आहे.

चांगल्या सरमिसळ झालेल्या ५२ पानांत सरासरी साडेसव्वीस चढत्या माळा असतात. चार पिसण्यांनंतर माळा १६च्या पुढे जाऊच शकत नाहीत. म्हणजे चार वेळा पिसलेला कॅट मूळ क्रम माहीत असलेल्याला माळा मोजून जवळजवळ खात्रीने ओळखता येतो. हाच मुद्दा दुसऱ्या बाजूनेही पटतो: एका पिसणीचे फार तर २ चा ५२वा घात इतके प्रकार, म्हणून चार पिसण्यांचे २ चा २०८वा घात. ५२ पानांच्या एकूण मांडण्या इतक्या प्रचंड आहेत की त्यातल्या साधारण दोन लाखांत एकीपर्यंतच चार पिसण्या पोहोचू शकतात. पाच पिसण्यांनी कॅट पूर्ण उलटा होणे अशक्यच आहे, कारण उलट्या कॅटात ५२ माळा असतात आणि पाच पिसण्यांची मर्यादा ३२.

बेयर आणि डायकोनिस यांनी दाखवले की ठरावीक पिसण्यांनंतर एखादी मांडणी येण्याची शक्यता केवळ तिच्यातल्या माळांच्या संख्येवर ठरते. त्यामुळे अफाट मांडण्यांचा हिशेब ५२ आकड्यांवर आला. खऱ्या सरमिसळीपासूनचे अंतर त्यांनी १ ते ० या मापात मोजले. एखाद्या घटनेची शक्यता पिसलेल्या कॅटात आणि आदर्श सरमिसळीत जास्तीत जास्त कितीने वेगळी असू शकते, ते हे माप सांगते. चार पिसण्यांपर्यंत अंतर जवळजवळ १च राहते. पाचव्या पिसणीला ते ०.९२४, सहाव्याला ०.६१४, सातव्याला ०.३३४ आणि आठव्याला ०.१६७ होते, पुढे दर पिसणीला साधारण निम्मे. बराच काळ काहीच न घडता एकदम उतार लागतो. सात हा आकडा त्या उतारावरचा, ०.५च्या खालचा पहिला मुक्काम आहे. तिथे भिंत नाही. ०.३३४ हे काही लहान अंतर नव्हे, आणि 'सात पिसण्या म्हणजे शुद्ध सरमिसळ' हे वृत्तपत्री वाक्य म्हणून अर्धवटच आहे.

पीटर डॉयल यांनी रचलेल्या एका एकट्याच्या खेळातून हे उघडे पडते. नव्या कॅटात दोन रंगांची पाने एक्क्यापासून राजापर्यंत आणि उरलेल्या दोन रंगांची राजापासून एक्क्यापर्यंत लावलेली असतात. कॅट सात वेळा पिसून एकदा कापायचा आणि पाने एकेक उलटत, पुन्हा पुन्हा फेऱ्या मारत, प्रत्येक जोडीची २६ पाने एक्क्यापासून क्रमाने उचलायची. ज्या जोडीची पाने आधी संपतील ती जिंकली. आदर्श सरमिसळीत दोघींना समान संधी हवी; प्रत्यक्षात सरळ लावलेली जोडी दहापैकी सुमारे आठ वेळा जिंकते. तिच्या चढत्या माळा अजून लांब असतात, म्हणून एका फेरीत एकदम अनेक पाने उचलली जातात. उलट लावलेल्या जोडीला ती सवलत नाही.

नेमक्या किती पिसण्या लागतील, हे खेळावरही अवलंबून असते. ब्लॅकजॅकमध्ये बदाम की इस्पिक याला महत्त्व नाही, म्हणून तिथे कमी पिसण्या पुरतात. आपल्याकडे रमी बहुधा दोन कॅटांनी खेळतात. मोठ्या कॅटासाठीचा नियम असा, की पाने दुप्पट झाली की सरासरी दीड पिसणी वाढते. म्हणजे १०४ पानांना आणखी एक-दोन पिसण्या द्याव्या लागतात.

हे सारे आकडे थोड्या अव्यवस्थित हातासाठी आहेत. हात फारच सफाईदार असेल, तर उलटच घडते: बरोबर निम्मे भाग करून एकाआड एक पान गुंफले आणि सर्वांत वरचे पान वरच ठेवले, तर आठ पिसण्यांनंतर ५२ पानांचा कॅट जसाच्या तसा मूळ क्रमावर येतो. दुसरीकडे, आपल्या घरोघरी चालणारी हातावरची पिसणी, म्हणजे एका हातातल्या गठ्ठ्यातून थोडी थोडी पाने दुसऱ्या हातात सोडणे, फार मंद आहे. तिच्यात शेजारची पाने गठ्ठ्याने एकत्रच सरकतात. लागणाऱ्या पिसण्या पानांच्या संख्येच्या वर्गापेक्षाही वेगाने वाढतात, आणि ५२ पानांसाठी हा आकडा हजारांत जातो.