कूम्ब्स टेस्ट आली कुठून, आणि वॉर्म-कोल्डचा फरक तिच्यात कसा दिसतो

आज हिमोग्लोबिन झपाट्याने पडलं, कावीळ दिसली की डॉक्टर लगेच डीसीटी, म्हणजे डायरेक्ट कूम्ब्स टेस्ट, लिहून देतात, पण 1945 च्या आधी हे कळायचा सोपा मार्गच नव्हता. लाल पेशी अँटीबॉडीने फुटतायत की जन्मजात दोषाने, यात लोक खूप अडकायचे, कारण दोन्हीकडे स्मिअरमध्ये गोल गोल स्फेरोसाइट्सच दिसतात.

अडचण अशी होती की काही अँटीबॉडीज लाल पेशीला चिकटतात खऱ्या, पण पेशींच्या गुठळ्या करत नाहीत, म्हणून ट्यूबमध्ये काहीच दिसत नाही. केंब्रिजचे रॉबिन कूम्ब्स (मूळचे व्हेटर्नरी डॉक्टर बरं का), मूरंट आणि रेस यांनी 1945 मध्ये यावर तोड काढली: माणसाच्या ग्लोब्युलिनविरुद्ध सशात तयार केलेला सीरम टाकायचा, तो दोन पेशींवरच्या अँटीबॉडीज एकमेकींना बांधतो आणि गुठळी दिसते. कार्लो मोरेस्की या इटालियन माणसाने हेच तत्त्व 1908 मध्येच मांडलं होतं, पण ते विसरलं गेलं, याचं मला खरंच वाईट वाटतं. मग 1946 मध्ये बूरमन, डॉड आणि लाउटिट यांनी पेशंटच्या स्वतःच्या पेशींवर ही टेस्ट लावली, तर जन्मानंतर झालेल्या हिमोलिसिसमध्ये, म्हणजे लाल पेशी फुटण्यात, पॉझिटिव्ह आणि जन्मजात प्रकारात निगेटिव्ह आली, तिथून ऑटोइम्यून हा प्रकार वेगळा ओळखता यायला लागला.

या ऑटोइम्यून प्रकारात अँटीबॉडी वॉर्म किंवा कोल्ड असते. कोल्ड अँटीबॉडी मात्र त्याच्याही आधीपासून माहीत होती, लँडस्टायनरने 1903 च्या सुमारासच थंडीत पेशी चिकटतात हे दाखवलं होतं. वॉर्म प्रकारात बहुतेक आयजीजी जातीची अँटीबॉडी असते, 37 डिग्रीला काम करते आणि पेशी मुख्यतः प्लीहेत संपतात. कोल्डमध्ये आयजीएम असते, ती थंड हातापायांच्या रक्तात चिकटते, पेशीवर कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं बसवते आणि रक्त आत गरम झालं की स्वतः सुटून जाते. मागे राहतो फक्त सी3डी, म्हणजे त्या कॉम्प्लिमेंटचा तुकडा.

समजा मायकोप्लाझ्मा न्यूमोनियानंतरचा पेशंट, हिमोग्लोबिन 7, मशीनवर एमसीएचसी, म्हणजे लाल पेशींमधलं हिमोग्लोबिनचं प्रमाण, 44. एवढं खरं असूच शकत नाही, गुठळ्यांमुळे मशीन पेशी कमी मोजतंय. सॅम्पल 37 डिग्रीला गरम करून परत चालवलं की 34 येतं. आता डीसीटीत आयजीजी निगेटिव्ह, सी3डी पॉझिटिव्ह म्हणजे कोल्डकडे झुकायचं आणि कोल्ड अँटीबॉडी किती आहे ते बघायला टायटर करायचा. नुसतं "डीसीटी पॉझिटिव्ह" असा रिपोर्ट आला तर ही फोड मागून घ्याच, कारण स्टिरॉइड वॉर्मला चांगलं लागू पडतं, कोल्डला फारसं नाही.

आणि निगेटिव्ह आली म्हणून सोडू नका. पेशी नीट धुतल्या नाहीत तर उरलेलं ग्लोब्युलिन रीएजंटच खाऊन टाकतं, म्हणून निगेटिव्ह ट्यूबमध्ये शेवटी आयजीजी लावलेल्या चेक सेल्स टाकतात, त्यांच्याही गुठळ्या झाल्या नाहीत तर टेस्ट बाद, परत लावायची.